नळाचं हँडल गरगर फिरतं, स्पिंडल बदलला तरी पुन्हा तेच

नवा स्पिंडल टाकून चार-सहा महिने होत नाहीत, तोच नळाचं हँडल पुन्हा गरगर फिरायला लागतं. किंवा हँडल शेवटपर्यंत दाबून बंद केलं तरी धार तुटत नाही, बारीक थेंब चालूच राहतात. ही तक्रार घेऊन माझ्या हार्डवेअरच्या दुकानात येणाऱ्यांच्या हातात जुना स्पिंडल असतो आणि मागणी ठरलेली असते, "असाच एक द्या." मी देतो, पण त्याआधी दोन गोष्टी विचारतो. हँडल फिरतं तेव्हा आतला दांडा फिरतो का? आणि हँडल सोबत आणलंय का? बहुतेकांनी हँडल घरीच ठेवलेलं असतं. बऱ्याचदा दुखणं त्या हँडलातच असतं, आणि स्पिंडल बदलून ते बरं होत नाही.

इथे मी मुख्यतः पाव फेरीत उघडणाऱ्या नळाबद्दल लिहितोय, ज्याला दुकानात क्वार्टर टर्न म्हणतात. हल्लीच्या फ्लॅटमध्ये बेसिनला, बाथरूमला आणि किचनच्या सिंकला बहुधा हाच असतो. चार-पाच फेऱ्या मारून बंद करायचा जुना पितळी नळ शेवटी थोडक्यात घेतो.

आत काय असतं

हँडल आणि त्याखालची फ्लँज नावाची गोल वाटी काढली की पितळेचा एक अंगठ्याएवढा भाग दिसतो. त्यालाच आपण स्पिंडल म्हणतो, काही प्लंबर हेड किंवा फिटिंग म्हणतात. वरच्या टोकाला दांडा आणि दांड्यावर उभे बारीक दाते. मधे पाना लावायला षटकोनी कड. खाली आटे, आणि तळाशी दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर चिकटून बसलेल्या. खालची चकती स्थिर असते, वरची दांड्याबरोबर फिरते. दोन्हींना भोकं असतात. भोकावर भोक आलं की पाणी वाहतं, पाव फेरी मारून भोकं झाकली की बंद. सगळ्यात खाली रबराची किंवा सिलिकॉनची एक रिंग असते. ती नळाच्या आतल्या सपाट बैठकीवर दाबून बसते, म्हणजे चकत्यांना वळसा घालून पाणी बाहेर येत नाही.

दांडा पाव फेरीनंतर थांबतो तो आतल्या एका छोट्या पितळी टोचामुळे. हा टोच तुटला की हँडल गोल गोल फिरतं. तो सहसा आपोआप तुटत नाही. चकत्यांमध्ये वाळूचा कण अडकून चरा पडतो, नळ ठिबकायला लागतो, मग घरातली माणसं ठिबक थांबावी म्हणून हँडल रोज थोडं जास्त दाबतात. जुन्या नळाची सवय हाताला असते, तिथे जोर लावला की वॉशर दाबला जाऊन पाणी थांबायचं. या नळात जोर लावून काहीच जास्त बंद होत नाही, सगळा जोर त्या टोचावर येतो. म्हणून ठिबकणं आणि गरगर फिरणं हे दोन वेगळे आजार वाटले तरी अनेक घरांत पहिल्यातूनच दुसरा झालेला असतो.

आधी निदान

स्पिंडल काढण्याआधी फक्त हँडल काढा. पाणीही बंद करायची गरज नाही, कारण हँडल काढल्याने पाणी बाहेर येत नाही. हँडलच्या माथ्यावर लाल-निळी टिकली असेल तर पातळ पात्याने ती उचला, खाली स्टारचा स्क्रू मिळेल. टिकली नसेल तर हँडलच्या मागच्या किंवा खालच्या अंगाला एक बारीक भोक शोधा, त्यात ॲलन कीचा स्क्रू असतो. हा स्क्रू नुसता ढिला झाला असेल तरी हँडल डुगडुगतं आणि घसरतं, तेव्हा तो आवळून पाहणं ही पहिली पायरी. स्क्रू सोडण्यापूर्वी खालच्या जाळीवर कापड टाकून ठेवा.

हँडल निघालं की दांड्यावर कापडाची एक घडी ठेवा आणि पक्कडीने हलक्या हाताने फिरवा. आता नीट बघा.

दांडा पाव फेरी फिरून ठणकन थांबला आणि पाणी पूर्ण बंद झालं, तर स्पिंडल ठणठणीत आहे. खराबी हँडलच्या आतल्या दात्यांची. हँडल उलटं करून उजेडात धरा, आतल्या भोकात दाते असायला हवेत तिथे गुळगुळीत गोल झालेलं दिसेल. कधी प्लॅस्टिकची पांढरी बुशिंग असते, तिचा भुसा झालेला असतो.

दांडा कुठेच न थांबता फिरतोय आणि एका पूर्ण फेरीत पाणी दोनदा सुरू, दोनदा बंद होतंय, तर टोच तुटलाय. दांडा फिरतोय पण धारेवर काहीच परिणाम होत नाही, तर दांडा आणि वरची चकती यांची आतली पकड सुटली आहे. दोन्हींत स्पिंडल बदलावाच लागतो.

दांडा नीट थांबतोय, पण थांबल्यावरही तोटीतून थेंब येतायत, तर चकत्यांना चरा आहे किंवा तळाची रबरी रिंग गेली आहे. इथे एक घाई होते. नळ बंद केल्यावर तोटीत उरलेलं पाणी थोडा वेळ ठिबकतंच, लांब वाकड्या तोटीच्या सिंकच्या नळात तर जास्तच. तोटीचं तोंड कापडाने कोरडं करा, पाच मिनिटं थांबा, मग कोरडा टिश्यू लावून बघा. तेव्हाही ओलं झालं तरच नळ गळतोय असं समजा.

आणि पाणी तोटीतून न येता हँडलच्या मुळाशी, दांड्याभोवती झिरपत असेल तर दांड्यावरची ओ-रिंग नावाची रबरी रिंग गेलेली असते. नुसती रिंग बदलून काही दिवस निघतात, पण स्पिंडल जुना असेल तर मी अख्खाच बदलायला सांगतो.

दात्यांचा घोळ

सिडकोतल्या जुन्या इमारतीतल्या एक काकू दर काही महिन्यांनी बेसिनच्या नळाचा स्पिंडल न्यायच्या. प्लंबर बसवून जायचा, थोडे दिवस बरं चालायचं, मग हँडल फिरायला लागायचं. एकदा मी म्हटलं, "काकू, या वेळी हँडल पण घेऊन या." त्या म्हणाल्या, "अरे, हँडलला काय झालंय? नव्यासारखं चकचकतंय." दुसऱ्या दिवशी आणलं. बाहेरून खरंच चकचकीत, आतल्या बुशिंगचे दाते मात्र अर्धे खाल्लेले.

त्यांनी परत आणलेला स्पिंडल मोजला तर दाते २०. हँडलच्या बुशिंगचे, जेवढे शाबूत होते त्या अंतरावरून हिशेब केला तर २४. मूळ नळ २४ दात्यांचा होता. कधीतरी कोणीतरी २० दात्यांचा स्पिंडल दिला, त्यावर हँडल नीट बसेना तेव्हा प्लंबरने ते दाबून बसवलं आणि वरचा स्क्रू आवळून टाकला. प्लॅस्टिक मऊ, पितळ कठीण. दोन-चार दात्यांवर सगळा भार, ते झिजले की हँडल घसरणार. त्यानंतर प्रत्येक वेळी त्याच २०च्या नमुन्यावरून नवा स्पिंडल जायचा. जुना तुकडा दाखवून नवा घेतला, तरीही चुकीचाच, कारण नमुनाच चुकीचा होता. २४ दात्यांचा स्पिंडल आणि त्याला जुळणारी नवी बुशिंग दिल्यावर तो नळ सुधारला.

बाजारात २० आणि २४ दात्यांचे स्पिंडल सर्रास मिळतात, दोघांची जाडी डोळ्याला सारखीच वाटते. शिवाय चपट्या किंवा चौकोनी टोकाचेही असतात. दाते मोजायला एका दात्यावर मार्करने ठिपका द्या, सुई किंवा टाचणी प्रत्येक खाचेत टेकवत परत ठिपक्यापर्यंत या. दुकानात तर त्याहून सोपं आहे, नवा स्पिंडल हँडलमध्ये घालून बघा. तो बोटांच्या जोराने सरळ आत गेला पाहिजे आणि आत गेल्यावर हँडल डावी-उजवीकडे अजिबात खेळता कामा नये. ठोकून बसवावा लागत असेल तर तो तुमचा नाही.

दात्यांबरोबर आणखी तीन गोष्टी जुळवून घ्या. आट्याची जाडी: अर्धा इंची म्हणतात तो आटा पट्टीने मोजला तर बाहेरून साधारण २१ मिलिमीटर भरतो, तेव्हा पट्टी बघून गोंधळू नका. उंची: जुना आणि नवा काउंटरवर शेजारी उभे करा, षटकोनी कडेपासून खालच्या रबरापर्यंतचं अंतर सारखं हवं, दांड्याची लांबीही सारखी हवी. आणि बंद होण्याची दिशा: गरम-थंड मिळून जोडीचा नळ असेल तर दोन बाजूंचे स्पिंडल बहुधा उलट दिशेने बंद होतात. चुकीचा बसवला तर हँडल उघडताना भिंतीकडे जातं किंवा दुसऱ्या हँडलवर आपटतं.

झिजलेल्या हँडलमध्ये टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवण्याचा उपाय सगळे करतात. पाहुणे आलेत आणि दुकान बंद आहे, एवढ्या वेळेपुरता तो ठीक आहे. टेप ओली होते, चुरगळते आणि हँडल परत घसरतं, शिवाय उरलेसुरले दातेही जातात.

स्पिंडल बदलताना

आता पाणी बंद करावं लागेल. बेसिनखाली अँगल कॉक असेल तर तोच बंद करा. नसेल तर बाथरूमचा भिंतीतला कन्सील्ड कॉक, तोही नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह. गच्चीवरचा जुना गेट वॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेला असतो, त्याच्यावर पान्याने जोर लावू नका. तो तुटला तर अख्ख्या इमारतीचं पाणी जातं. गरम पाण्याचा नळ असेल तर आधी गीझरचं बटण बंद करा. वॉल्व्ह बंद केल्यावर तोच नळ आणि शक्य झाल्यास त्याहून खालच्या पातळीवरचा एखादा नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या.

फ्लँज हाताने फिरते. क्षारांनी धरली असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा. पक्कड थेट क्रोमवर लावलीत तर ओरखडे कायमचे.

पुढची पायरी सगळ्यात जपून करायची. स्पिंडलच्या षटकोनी कडेला पाना लावा, आणि दुसऱ्या हाताने नळाचं धड दुसऱ्या पान्याने, मधे कापड ठेवून, घट्ट धरा. मग डावीकडे फिरवा. धड न धरता जोर लावला तर स्पिंडलऐवजी अख्खा नळ भिंतीत फिरतो आणि आतला एल्बो तडकू शकतो. नव्या इमारतींत आतला पाइप बहुधा सीपीव्हीसी प्लॅस्टिकचा असतो, तो असा पीळ सहन करत नाही. मग टाइल फोडण्यावाचून इलाज राहत नाही. स्पिंडल हलतच नसेल तर आधी अगदी किंचित उजवीकडे, मग डावीकडे, असं करत क्षारांची पकड सोडवा.

स्पिंडल निघाल्यावर टॉर्च लावून आत बघा. तळाशी पितळेची गोल बैठक दिसेल. जुन्या रबराचा तुकडा चिकटलेला असेल तर काढा, कापडाने पुसा, नखाने कड चाचपा. क्षाराची खपली लागली तर लाकडी काडीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नको, बैठकीला चरा पडला तर नवी रिंग तिथे बसणार नाही.

यानंतरचं काम बहुतेक प्लंबर सोडून देतात, आणि नवा स्पिंडल लवकर जाण्याचं ते मोठं कारण आहे. नळाच्या उघड्या तोंडावर कापड आणि खाली बादली धरा, घरातल्या कोणाला तरी वॉल्व्ह दोन-तीन सेकंद हळूच उघडायला सांगा. पाइपात साठलेली वाळू, गंजाचे कण, क्षारांचे पांढरे तुकडे बाहेर येतील. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत बादलीच्या तळाशी चिमूटभर रेती सहज सापडते. ती तशीच राहिली तर नव्या चकत्यांमध्ये पहिल्याच दिवशी जाऊन बसते. तोटीच्या टोकाला जाळी असेल तर तीही काढून धुवा.

नवा स्पिंडल बसवताना तो उघड्या स्थितीत ठेवा आणि आटे आधी पूर्ण हाताने लावा. दोन-तीन फेऱ्या सहज गेल्या पाहिजेत. अडकला तर काढून पुन्हा सरळ लावा, तिरका आटा पान्याने रेटला तर नळाच्या धडाचे आटे मरतात. या आट्यांवर टेफ्लॉन टेपची गरज नसते. पाणी अडवायचं काम तळाची रिंग करते, आणि जाड टेप गुंडाळली तर स्पिंडल पूर्ण खाली बसतच नाही. ओ-रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं तर चांगलं, खोबरेल किंवा मशीनचं तेल मात्र नको, त्याने रबर फुगतं. हाताने बसल्यावर पान्याने फक्त थोडासा पीळ द्या. जास्त आवळला तर तळाची रिंग चेपून बाहेर सरकते आणि नवाकोरा स्पिंडल ठिबकतो. मग लोक अजून आवळतात.

वॉल्व्ह हळू उघडा, नळ उघडाच असू द्या, हवा फुर्रकन निघून जाईल. मग दांडा पक्कडीने बंद करून तीन ठिकाणी बघा: तोटी, दांड्याचं मूळ, आणि नळ भिंतीला जिथे भेटतो तो सांधा. सगळं कोरडं असेल तर दांडा बंद स्थितीतच ठेवून हँडल हवं त्या कोनात बसवा. २० दात्यांच्या स्पिंडलवर ते १८ अंशांच्या टप्प्याने सरकवता येतं, २४ दात्यांवर १५ अंशांच्या, त्यामुळे थोडं तिरकं वाटलं तर एक दाता पुढे-मागे करा. शेवटी स्क्रू आणि टिकली.

तरीही ठिबकत असेल तर स्पिंडलला लगेच दोष देऊ नका. षटकोनी कडेखालची कॉलर नळाच्या धडावर टेकली आहे का ते बघा. टेकली असूनही तोटी ठिबकते, तर स्पिंडल आखूड आहे आणि रबर बैठकीपर्यंत पोचत नाही, किंवा बैठकीलाच चरा आहे. कॉलर टेकलीच नाही आणि स्पिंडल पुढे जात नाही, तर तो लांब आहे. दोन्हींत आवळून काही होणार नाही, दुकानात जाऊन बदलून आणा.

जुना फेऱ्यांचा पितळी नळ

यात सिरॅमिक नसतं. दांडा आट्यांवर खाली-वर होतो आणि टोकाचा रबरी वॉशर बैठकीवर दाबतो. नुसतं ठिबकत असेल तर वॉशर बदलून भागतं. पण बंद करता करता शेवटी दांडा घसरून पुन्हा फिरायला लागला, तर दांड्याचे किंवा हेडच्या आतले आटे मेलेत. नुसता दांडा बदलून उपयोग नाही, हेडसकट बदला. आणि नवा वॉशर महिनाभरात कापला जात असेल तर बैठकीवर बोट फिरवून बघा. पाण्याच्या धारेने तिथे चर पडलेला असतो. प्लंबरकडे बैठक घासायचं सीट कटर असतं, त्याने ती सपाट होते. नसेल तर नळ बदलावा. काही जण या नळात पाव फेरीचा हेड टाकून घेतात. आटे जुळले तरी खालची उंची जुळेलच असं नाही, म्हणून जुना हेड सोबत नेऊन, शेजारी उभा करूनच घ्या.

भिंतीतल्या कन्सील्ड कॉकचा स्पिंडलही याच पद्धतीने बदलतो, पण तो खोल असतो, साधा पाना पोचत नाही. त्याला नळीसारखा बॉक्स पाना लागतो आणि टाइल किती जाड लावली आहे त्यावर दांड्याची लांबी ठरते. इथे नळाचं धड धरायला जागाच नसते, सगळा पीळ थेट भिंतीतल्या जोडांवर जातो. पहिल्या हलक्या प्रयत्नात तो सुटला नाही, तर हे काम मी गिऱ्हाईकाला स्वतः करायला सांगत नाही, प्लंबरला बोलवायला सांगतो.

नळ अनोळखी बनावटीचा असेल आणि दाते, उंची, आटे यांपैकी एकही मेळ बसत नसेल तर जवळपास जुळणारा तुकडा रेटून बसवू नका, अख्खा नळ बदला. आणि नवा नळ घेताना दुकानदाराला त्याच वेळी विचारा, याचा सुटा स्पिंडल आणि हँडल तुमच्याकडे मिळतं का. मिळत असेल तर स्पिंडलच्या दात्यांची संख्या बिलाच्या मागे लिहून ठेवायला सांगा.